आज चौदा, एकूण चारशेवीस

कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रत्येक मंडळाकडे एक तात्या असतात. रोज रात्री दहाला त्यांचा तिकीटविक्रीचा निरोप येतो. त्याशिवाय संयोजकाला झोप लागत नाही, आणि तो आल्यावर तर मुळीच लागत नाही.

"बालगंधर्व, रविवार. आज १४. एकूण ४२०. उरली ४६०. दिवस ६."

"तात्या, हॉल हजाराचा. ५८० उरायला हवीत ना?"

"हजार खुर्च्या हॉलला. तुमचे प्रायोजक, पास, साउंडवाल्याचं टेबल, सगळे मिळून १२० गेल्या. विकायला ८८०च."

दहाची वेळ चुकत नाही. एक दिवस आठला आकडा घेतला, दुसऱ्या दिवशी अकराला, तर वेग वाढल्याचा नुसता भास होतो, असं त्यांचं म्हणणं. खुर्ची निवडून पैसे न भरणाऱ्याला तर ते गिऱ्हाईक मानतच नाहीत.

संयोजकाने त्या रात्री भागाकार केला : रोज ७७ हवीत, आज गेली १४. घाम फुटला. "कॉलेजात पास वाटूया?"

"खबरदार! फुकट मिळतंय कळलं की विकत घेणारा थांबतो. आणि सरासरी काय काढताय? पहिल्या दिवशी झुंबड, मग सामसूम, शेवटच्या तीन दिवसांत पुन्हा उड्या. आपलं गिऱ्हाईक शनिवारी ठरवतं रविवारचं."

तात्या वहीत बघतात. मागच्या कार्यक्रमाला, ह्याच हॉलला, सहा दिवस आधी ३९० होती.

"म्हणजे तीस पुढे!" संयोजक खूश.

"मागे आहात. गेल्या बुधवारी ६५ गेली, ती एका महिला मंडळाने एका फोनवर घेतलेली. ती वजा करा. ३५५."

माणसाला चिंतेतून काढायचं ते योग्य चिंतेत टाकण्यासाठी, हा तात्यांचा खाक्या. मग ते प्लॅन उलगडतात. पुढच्या ओळी लाल, बाल्कनी लाल, मधला पट्टा कोरा. म्हणजे लोकांना यायचंय, फक्त मधला दर गळ्याखाली उतरत नाहीये. त्या पट्ट्याच्या मागच्या चार ओळींत एकही खुर्ची गेलेली नव्हती. तेवढ्याच खालच्या दरात टाकल्या, म्हणजे जास्त पैसे भरलेला कुणी शेजाऱ्याचं तिकीट पाहून भांडायला नको.

गुरुवारी ३८ गेली, शनिवारी १४०. रविवारी सकाळी खिडकीवर रांग. एकूण ८४६.

पडदा वर गेला. संयोजक विंगेत पेढा घेऊन तात्यांना शोधतोय, तर तात्या अंधारात बाजूच्या वाटेने, ओठ हलवत, एकेक ओळ मोजत चाललेले.

"विकली ८४६, बसलीत ८०९," ते पुटपुटले. "पास घेतलेल्यांतले किती आलेत, ते अजून मोजायचंय. पेढा तिथं ठेवा."