अपयशाची उगवण

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्याने काढली, त्याला थोडक्यात सांगायची हातोटी होती हे मान्य करावंच लागेल. सहा शब्दांत बेत, फसगत आणि मुक्कामाचं ठिकाण! धडा तेवढा नाही. आमच्याकडची लिहिती मंडळी याच्या नेमकं उलट करतात. धडा पोतंभर असतो आणि झालं काय, ते मात्र चाळणी लावून शोधावं लागतं.

2020च्या खरिपाचंच घ्या. त्या जूनमध्ये मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही, तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ज्याच्यावर दुबार पेरणी आली, त्याच्याकडे एक गोष्ट तयार झाली. काहींनी ती लिहिलीही. अशा मजकुरांची नावंगावं गाळून, त्यांच्या सवयी एकत्र करून एक नमुना बनवला आहे. अंगाला लागला तर लागू द्या.

नमुना ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून निघतो. मग आजोबांची बैलजोडी येते. मग कोरोना. पाचव्या परिच्छेदात एकदाची पेरणी होते. पुढे कंपनी, दुकानदार, सरकार आणि आभाळ यांना क्रमाने शिव्या आहेत. नवव्या परिच्छेदात, जाता जाता, एक वाक्य आहे: ‘त्याच दिवशी त्याच तिफणीनं बांधाकडच्या पट्ट्यात विकतची पिशवी पेरली होती, तिथं बरं उगवलं.’ त्यानंतर पुन्हा सरकार. शेवट अर्थातच ‘निसर्गापुढे माणूस खुजा आहे’.

सगळी गोष्ट त्या नवव्या परिच्छेदात पुरली आहे, आणि बियाण्यासारखीच फार खोल पुरली आहे. रान एक, पाऊस एक, तिफण एक, म्हणजे खोलीही तीच. तरी एक पट्टा हिरवा आणि बाकीचं रान बोडकं. मग आभाळ सुटलं, तिफण सुटली. राहिलं ते घरचं बियाणं. ते कुठून आलं, हे मजकुरात नाहीच. विचारल्यावर कळतं की 2019च्या ऑक्टोबरात काढलेल्या सोयाबीनची गंजी पावसात सापडली होती. वाळवलं, मळलं, पोती थप्पीला लावली. ‘दाणा चांगला दिसत होता की!’

दिसणारच. सोयाबीनचं टरफल पातळ आणि कोंब त्याच्या लगेच खाली. ओलं झालं, वाळलं, पुन्हा ओलं झालं की टरफलाला बारीक चिरा जातात, बुरशी शिरते. वर मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती आपटली, एकावर एक रचली, तर आतला जीव जातो आणि बाहेरचा दाणा गोंडस राहतो. बाजारात तो दाणा खपतो. रानात खपत नाही.

तेव्हा मजकूर घट्ट करायचा म्हणजे आधी हे वळण शोधायचं आणि त्या वळणाकडे जे नेत नाही ते काढायचं. कृषिप्रधान देश गेला. आजोबांचे बैल गेले; चांगले होते, पण या पेरणीला नव्हते. कोरोनाचं जरा बघावं लागतं. टाळेबंदीमुळे बियाणं आणता आलं नाही म्हणून घरचं वापरलं असेल, तर एक ओळ राहील. नुसतं ‘त्यात कोरोनाचं संकट’ असेल, तर बैलांच्या मागोमाग.

दुसरी खोड म्हणजे पहिल्याच ओळीत ‘बियाणं खराब निघालं’ असं सांगून टाकणं. पेरताना हे माहीत असतं, तर पेरलंच कशाला असतं? ज्या दिवशी जे कळलं, ते त्या दिवशी सांगावं. ओल असली तर सोयाबीन चार-सहा दिवसांत वर येतं. आठव्या दिवशी माणूस तास उकरतो, ही गोष्टीतली खरी जागा. दाणा कोरडा, टणक सापडला तर ओल कमी पडली. कोंब वाकडा होऊन ढेकळाखाली अडकला असेल तर पेरणी खोल गेली किंवा वर पापडी धरली. बोटांत दाणा मऊ, कुजका लागला तर बियाण्याकडे बघायचं. नमुन्यात याबद्दल एवढंच आहे: ‘काळजाचं पाणी झालं’. काळजाचं सांगितलं, दाण्याचं राहिलं.

तिसरी खोड धड्याची. धड्याला एकच कसोटी लावावी: हे वाक्य मागच्या मे महिन्यातल्या स्वतःला सांगितलं असतं, तर हाताने काही वेगळं केलं असतं का? निसर्गापुढे खुजा असलेला माणूस तसाच पेरायला गेला असता. आता कापून, आणि विचारल्यावर कळलेलं भरून, झालेला मजकूर बघा.

‘2019च्या ऑक्टोबरात आमची सोयाबीनची गंजी भिजली. वाळवून मळली. दाणा स्वच्छ दिसला, म्हणून त्यातलंच बियाणं ठेवलं.

‘जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर पेरणी केली. बियाणं थोडं कमी पडलं, म्हणून बांधाकडच्या पट्ट्यात विकतची पिशवी पेरली.

‘आठव्या दिवशी फक्त तो पट्टा हिरवा होता. बाकीच्या रानात तास उकरले, तर दाणे मऊ, कुजलेले.

‘पाऊस आणि तिफण दोन्हीकडे सारखी होती. फरक बियाण्याचा होता आणि ते मी तपासलं नव्हतं. दुबार पेरणी करावी लागली.

‘आता मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडतो आणि आठवड्याच्या आत मोजतो. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो. साठ उगवले तर पस्तीस. त्याच्या खाली गेलं तर ते बियाणं नाही, धान्य.’

कंपनी, दुकानदार, सरकार कुठे गेले? या गोष्टीत त्यांचं कामच नव्हतं. विकतची पिशवी तर उगवली होती! नेमका तोच पुरावा लेखकाने शिव्यांच्या ढिगाखाली ठेवला होता.

परिच्छेद आखूड आहेत, पण दर दोन ओळींनी खाली उतरलं की झालं, असं नाही. काही जण ‘आणि मग...’ एवढ्यालाच एक परिच्छेद देतात. वाचणाऱ्याला वाटतं पान फाटलं. वरच्या प्रत्येक तुकड्यात गोष्ट एक पाऊल पुढे जाते: ठेवलं, पेरलं, दिसलं, कळलं, बदललं. चौथा काढून बघा. गोणपाट आकाशातून पडल्यासारखं वाटेल. बहुतेक यशोगाथांत नेमका तोच नसतो. माणूस बुडतो आणि पुढच्या ओळीत ‘खचून न जाता’ फळबाग लावतो.

एक सांभाळावं. एका रानातल्या दोन पट्ट्यांवरून त्या वर्षी साऱ्या मराठवाड्यात घरचं बियाणंच नासकं होतं, असं ठरवू नये. किती तरी ठिकाणी विकतची पिशवीच उगवली नाही. तिथे गोष्ट वेगळी, आणि लिहायची रीतही वेगळी. तो तक्रारअर्ज. त्यात काटछाट करायला जाऊ नका. पिशवी, तिच्यावरचा टॅग, लॉट नंबर, पावती, पेरणीची तारीख, सगळं कंटाळा येईपर्यंत लिहा. मुठीएवढं बियाणं पिशवीत शिल्लक ठेवा. पंचनाम्याला आलेला माणूस वळण विचारत नाही, टॅग विचारतो. आणि टॅग तर आपण पेरणीच्या दिवशीच शेकोटीत घातलेला असतो.