मंगळवारी चार वाजता

अमेरिकेतल्या साहेबांचा पुण्यातल्या टीमला मेल येतो: ‘बॉलपार्क फिगर पाठवा, पुढच्या आठवड्यात टच बेस करू.’ भाषा बेसबॉलची. आपली हयात एलबीडब्ल्यूवर भांडण्यात गेलेली. टीममधली नवी मुलगी अर्थ शोधते, घाबरून तासन्‌तास हिशेब मांडते आणि ‘३७ दिवस’ असं कळवते. साहेब तो आकडा थेट ग्राहकाला सांगून मोकळे होतात.

साधं लिहायचं तर असं: ‘अंदाजे किती दिवस लागतील? आठवडाभर इकडेतिकडे चालेल. आकडा ग्राहकाला सांगणार नाही.’ ‘टच बेस’ऐवजी ‘मंगळवारी पुण्याच्या वेळेनुसार चार वाजता मी फोन करतो, विषय चाचणीचा.’ नुसतं ‘संपर्कात राहू’ लिहून भागत नाही. कुणी, कधी, कशासाठी, हे त्यातही गुलदस्त्यातच राहतं.

पण घोडं पेंड खातं ते इथेच. साधं लिहिलं की वार ठरतो, वेळ ठरते आणि फोन कुणी केला नाही तेही चारचौघांत उघड होतं. ‘टच बेस’ करायचं राहून गेलं म्हणून कुणाची वेतनवाढ अडल्याचं मात्र अजून ऐकिवात नाही.