पाहुण्यांची सोळ

नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात आलो आणि मी आधी स्वतःच्या जिभेला इस्त्री करायला घेतली. 'मले', 'तुले', 'काऊन' हे पहिल्या झटक्यात गेले, कारण त्यांवर समोरचा हसतो हे लगेच दिसतं. जे खटकतं तेच माणूस आधी टाकतो.

मग 'ळ'ची पाळी आली. आमची आजी काटोलकडची. तिच्या तोंडी डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया. म्हणून मी नियमच केला: 'य' आला की संशय घ्यायचा आणि 'ळ' म्हणायचं. या नियमाच्या भरवशावर भर बैठकीत साहेबांना सांगितलं, "सर, पाहुण्यांच्या राहण्याची सोळ केली आहे." साहेबांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं. गरजेपेक्षा जास्त शुद्ध बोलायला गेलं की असं होतं, आणि सोंग तिथेच उघडं पडतं. जन्माचा पुणेकर 'सोळ' म्हणायची चूक करूच शकत नाही.

गंमत म्हणजे इतकं घासूनही 'करून राहिलो' तसंच राहिलं. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. कचेरीत, बाजारात, शेजारी हिंदी. 'कर रहा हूँ'च्या साच्यात आमचं क्रियापद कधी बसलं ते कळलंच नाही. शब्द दोन्ही अस्सल मराठी, त्यामुळे माझ्या कानाला त्यात बोली जाणवेचना.

त्यातच 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलू लागले आणि आमचं ऑफिस एकमेकांना "काय करून राह्यला बे?" विचारू लागलं. मी फुशारलो. पण एक सहकारी म्हणाली, "मला समजून राहिलं नाही." आमच्याकडे 'समजून नाही राहिलं' म्हणतात. टीव्हीवरून शब्द येतो, फार तर हेल येतो. वाक्य वळवायची सवय मात्र सोबत राहणाऱ्याकडूनच लागते. माझा खोलीतला जोडीदार साताऱ्याचा. तो कार्यक्रम त्याने कधी पाहिला नाही, पण आता आईला फोनवर "जेवून राहिलोय" सांगतो. हे 'राहिलोय' ना साताऱ्याचं, ना नागपूरचं. आमच्या खोलीत ते तयार झालं आणि दोघांना चालतं.

सुट्टीत नागपूरला गेलो. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर म्हणालो, "काका, एक प्लेट देता का? तर्री जरा कमी." त्यांनी मला न्याहाळलं. "भैया, नये आये हो क्या?"

बाहेरचा ठरलो! घाईघाईने जुनी बोली बाहेर काढली: "काऊन बे काका, मी इथलाच!" काकांचा झारा हवेतच थांबला. 'बे' मित्राला चालतं, बापाच्या वयाच्या माणसाला नाही, एवढंही मी विसरलो होतो. त्या प्लेटीत तर्री भरपूर आली.

तेव्हा नागपूरला याल तर टीव्हीवर ऐकलेलं 'बे' घरीच ठेवून या. भाजीवाल्याकडे मात्र कोथिंबीर नको, सांबार मागा. तुम्ही कुठले, हे कुणी विचारणार नाही.