रिकाम्या फांदीचे उत्तम छायाचित्र कसे काढावे

आपल्या शहरात पक्ष्यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. मात्र त्यांच्या फोनमध्ये साठलेल्या संग्रहाचा मुख्य विषय पक्षी नसून फांदी असतो, हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. फांदी नुकतीच हलल्याची खूण असलेला, कोपऱ्यात शेपटीचा अंधुक तुकडा उरलेला असा फोटो सहजासहजी मिळत नाही. त्यालाही पद्धत आहे. ती नवशिक्यांच्या सोयीसाठी येथे देत आहोत.

स्थळ म्हणून हिमायत बाग उत्तम. दिल्ली दरवाज्याजवळची ही मोगलकालीन बाग आता फळ संशोधन केंद्राकडे आहे. आंबे, चिंचा, जुनी झाडे, समोर सलीम अली सरोवर. पक्ष्यांची कमी नाही, म्हणजे उडून जाणाऱ्यांचीही कमी नाही. ज्यांच्या नावाचे हे सरोवर, त्या सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. आपले शहर तेव्हा त्याच संस्थानात होते. त्या काळी नमुने गोळा करायला बंदूक लागे. आपल्याला नुसता फोन रोखूनही झाड रिकामे करता येते, ही प्रगतीच म्हणायची.

बागेत दहाच्या पुढे जावे. सूर्योदयानंतरचे दोन तास पक्षी खाण्यात गुंतलेले असतात आणि उजेड तिरपा, मऊ असतो, म्हणून ती वेळ कटाक्षाने टाळावी. ऊन डोक्यावर आले की पक्षी पानांत शिरतात. जो बाहेर राहील त्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर टिपावा, म्हणजे तो नुसता काळा ठिपका येईल. सूर्याकडे पाठ करून उभे राहू नये, पक्ष्यामागे गर्द झाडी येईल अशी जागा शोधू नये आणि पडद्यावर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड वाढवण्याच्या फंदातही पडू नये. कपडे लाल किंवा पोपटी. कॅमेऱ्याचा खटक् आवाज चालूच ठेवावा.

अंतराचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा, कारण पुष्कळांचे इथेच बिघडते आणि फोटोत पक्षी येऊन बसतो. फोनच्या मुख्य भिंगात पाच मीटरवरचा जवळजवळ सात मीटर रुंद देखावा मावतो. त्यात १८ सेंटिमीटरचा पक्षी म्हणजे चौकटीचा चाळिसावा हिस्सा; ४,००० ठिपक्यांच्या रुंदीत त्याच्या वाट्याला जेमतेम शंभर ठिपके येतात. मग दोन बोटांनी पडदा ताणावा. फोनचे वेगळे झूम भिंग संपल्यावर पुढचे सारे झूम म्हणजे आहेत त्याच ठिपक्यांचे मोठे डाग असतात, हे ध्यानात असू द्यावे. छोट्या झूम कॅमेऱ्याचा मोह आवरलेला बरा. तीस पट झूमवर दहा मीटरवरूनही तोच पक्षी चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापतो. अगदीच वापरायचा तर चालता चालता, एका हाताने. कोपर गुडघ्यावर टेकवले किंवा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवला, तर चित्र स्पष्ट येण्याची भीती आहे.

पक्षी दिसला की त्याच्याकडे बोट दाखवावे, “तो बघ, तो बघ!” म्हणावे आणि नजर न काढता सरळ चालत जावे. वाटेत त्याच्या खुणांकडे दुर्लक्ष करावे. पिसे साफ करणारा पक्षी थांबतो, अंग आक्रसून सडपातळ होतो, मान उंचावतो, शेपटी झटकतो. इथे जो थबकतो, दोन पावले मागे घेतो आणि दुसरीकडेच बघत राहतो, त्याच्यासमोर पक्षी थोड्या वेळाने पुन्हा पिसे साफ करू लागतो. मग फांदी रिकामी होणार कशी? घरट्याजवळ जाणे किंवा फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हे प्रकार आमच्या पद्धतीतही बसत नाहीत. तिथे गंमत संपते.

या साऱ्या शास्त्राला एकच पक्षी दाद देत नाही: वेडा राघू. हिरवा, सडपातळ, शेपटीतून दोन बारीक काड्या बाहेर आलेला. तो उघड्या वाळक्या फांदीवर किंवा तारेवर बसतो, हवेत झेप घेऊन माशी पकडतो आणि पुष्कळदा त्याच जागी परत येतो. मधमाशी मिळाली तर गिळण्याआधी तिला फांदीवर आपटतो, घासतो, नांगीचे विष काढतो. तेवढे काही क्षण तो एका जागी असतो.

याचा गैरफायदा घेणारे लोक बागेत आढळतात. एक गृहस्थ तर पंधरा मीटरवर उभे राहून आधी नुसती फांदी पाहतात. राघू झेपावला की तिरपी दोन-तीन पावले टाकतात, परतला की जागच्या जागी थिजतात. अशा दहा-बारा झेपांत ते चार-पाच मीटरवर पोचतात, खाली बसतात आणि रिकाम्या फांदीवर बोट दाबून धरून फोकस पक्का करतात. काही फोनवर तेव्हा AE/AF LOCK अशी अक्षरे उमटतात. मग फोन छातीशी धरून ठेवतात, कारण पक्षी बसल्यावर हात वर गेला तर तो उडतो. राघू चोचीत माशी घेऊन आला की आवाजाच्या बटणाने सलग फोटो घेतात. फिरायला आलेल्या एकाने त्यांना विचारले, “काय बघायलात, काका?” काकांनी उत्तर दिले नाही, मानही वळवली नाही. असला माणूस फांदीचा फोटो काय काढणार?

घरच्या बागेत धोका वेगळा आहे. पक्षी माणसाला बिचकतो, फोनला फारसा नाही, हे काहींच्या लक्षात आले आहे. ते उन्हाळ्यात मातीच्या परळात दोन बोटे पाणी ठेवतात, शेजारी उतरायला एक वाळकी काडी रोवतात. मांजर दबा धरून बसेल अशी जाळी दोन-तीन मीटर दूर आहे ना, हे पाहतात. मीटरभरावर फोनच्या आकाराचा खोका दोन दिवस आधीच मांडून ठेवतात. तिसऱ्या दिवशी तिथे तिपाईवर फोन येतो, चित्रीकरण सुरू होते आणि मालक घरात चहा पीत बसतो. इतक्या जवळ बुलबुल चौकटीचा सातवा हिस्सा व्यापतो आणि 4K चित्रीकरणातून हवा तो क्षण फोटो म्हणून वेगळा काढता येतो. आपले एकच हत्यार उरते, मराठवाड्याचा मे महिना. फोन सावलीत ठेवायचे विसरले, तर तो तापून स्वतःहून बंद पडतो.

इतके करूनही एखाद्या फोटोत पक्षी आलाच, तर निराश होऊ नये. पोर्ट्रेट मोड लावावा. मागचे धूसर करण्याच्या भरात तो राघूच्या शेपटीच्या काड्या आणि कधी चोचीचे टोकही पुसून टाकतो. वर रंग असे भडक करावेत की हिरवा आणि निळा यांतला फरक उरू नये. मग फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ‘हा कोणता?’ असे विचारावे. पहिले उत्तर ‘पोपट’, दुसरे ‘अभिनंदन’ आणि तिसरे ‘आज पाणी किती वाजता येणार आहे?’