बटणकाका

आमच्या सोसायटीत कुणी नुसतं 'काय करावं कळत नाही' म्हटलं, की बटणकाका खिशातून मोबाइल काढतात. म्हणणाऱ्याला सल्ला हवा असतो. काकांना मजकूर हवा असतो.

ते चित्र तुम्ही पाहिलेलं असणारच. वर दोन लाल बटणं आणि त्यांच्यावर घुटमळणारा हात. खाली लाल पोशाखातला, सुपरहिरोसारखा दिसणारा एक गडी, घामाने निथळतोय. जेक क्लार्क नावाच्या चित्रकाराने 2014 मध्ये टम्बलरवर टाकलेलं हे व्यंगचित्र. पुढे लोकांनी बटणांवरच्या पाट्या पुसून आपापल्या चिकटवल्या आणि त्या गड्याला जगभरच्या पंचायतींचा घाम फुटला. काकांनी त्याला आमच्या 'बी विंग'मध्ये आणलं.

काकांचं शास्त्र कडक आहे. पुतण्याने एकदा 'अभ्यास' आणि 'क्रिकेट' अशी बटणं करून पाठवली, तर काकांनी ती ग्रुपवरच नापास केली. "यात घाम कुठाय? तू क्रिकेटलाच जाणार. ठरलेलं असेल तर ड्रेक वापर, एकाला हात आडवा, दुसऱ्याला बोट. मन चळलं असेल तर मैत्रिणीचा हात धरून दुसरीकडे वळून बघणारा तो पोरगा वापर. आपला गडी कधी? तर दोन्ही हवंय आणि दोन्ही मिळून जमत नाही, तेव्हा!" नमुना म्हणून त्यांनी लगेच एक करून टाकलं: 'मराठी शाळा वाचवा' आणि 'बंटीला इंटरनॅशनल बोर्ड'. ग्रुपवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. बंटीच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी सुप्रभातही घातलं नाही.

त्यांच्या कारकिर्दीतला मोठा प्रसंग म्हणजे लिफ्टचा. लिफ्ट बंद पडली होती, नवी बसवायची तर मेंटेनन्स वाढणार होता, आणि रविवारी सभा होती. काका शनिवारी दुपारपासून बसले. पहिला मसुदा: 'लिफ्ट बसवा' आणि 'लिफ्ट बसवू नका'. हा त्यांनी स्वतःच खोडला. लिफ्ट नकोच असं म्हणणारा माणूस सोसायटीत नव्हता. नको होतं ते बिल. दुसरा मसुदा: 'नवी लिफ्ट' आणि 'जादा मेंटेनन्स'. हाही गेला. "जादा मेंटेनन्सचं बटण कोण हौसेनं दाबेल? दोन्ही बटणांना बोट शिवशिवलं पाहिजे." संध्याकाळच्या चहाला सुचलं: 'लिफ्ट नवी हवी' आणि 'मेंटेनन्स जुनाच हवा'. काकूंना वाचून दाखवलं. काकू हसल्या म्हणजे पास, कारण काकू सहसा हसत नाहीत.

मग कारागिरी. त्या चित्रातल्या पाट्या तिरप्या आहेत, अक्षरंही तेवढीच तिरपी करावी लागतात. सरळ लिहिलं की मजकूर बटणावर न बसता हवेत लोंबकळतो. आणि इंग्रजीवाल्यांना नसलेली एक डोकेदुखी आपल्याला आहे: ओळ वर सरकली की वेलांट्या-मात्रा छाटल्या जातात. 'मेंटेनन्स'चा पहिल्या खेपेला 'मटनन्स' झाला होता. म्हणून काकांचा दंडक आहे, पाटीवर तीन-चार शब्दांच्या वर जायचं नाही.

राहिलं गड्याचं नाव. आधी लिहिलं 'सेक्रेटरी', पण ती टीका झाली असती, आणि काकांचं पार्किंग सेक्रेटरींच्या मर्जीवर आहे. 'तळमजला' चालेना, कारण तळमजल्याला लिफ्टचा घाम येत नाही. 'चौथा मजला' लिहावं तर तो घाम निर्णयाचा की जिन्याचा, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. शेवटी 'समस्त सभासद' लिहून रात्री पाठवलं.

अपूर्व यश मिळालं. सभेत विषय निघताच जो तो मोबाइल दाखवून हसू लागला. तळमजला आणि चौथा मजला इतके दिवस एकमेकांशी भांडत होते, ते 'अगदी आपलंच चित्र हो' म्हणत एकमेकांना टाळ्या देऊ लागले. आपल्याला काहीच ठरवता येत नाही, यावर एकदा सगळ्यांचं एकमत झाल्यावर ठरवण्याची घाई कुणाला? सेक्रेटरींनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि चहा मागवला.

एवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजी, कठड्याला धरत, दोनदा टेकत खाली पोचल्या. काकांनी उत्साहाने मोबाइल पुढे केला. आजींनी चष्मा सावरून चित्र नीट पाहिलं.

"दोन्ही एकदम दाबली तर रे?"

"आजी, मग गंमतच संपली!"

"संपू दे की मेली," आजी म्हणाल्या. "आमच्या लिफ्टलाही दोनच बटणं आहेत, वरचं नि खालचं. एक तरी चालू करा."