एक अक्षर कमी

मराठी बऱ्यापैकी लिहिणारा अशी शाखेत माझी ख्याती आहे आणि ती सगळी एका पाटीवर उभी आहे. ‘कृपया रांगेतच वाद घाला’ ही ती पाटी. त्यामुळे आमचे हेडकॅशियर नाना निवृत्त होणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हाराची वर्गणी, समोसे, शाल, श्रीफळ हे सगळं भराभर वाटलं गेलं. उरली कविता.

आमची शाखा क्रांती चौकाजवळ. फोनवर पत्ता विचारणाऱ्याला नाना एकच वाक्य सांगायचे, “पुलावर चढू नका, खालून या.” जो चढला तो जालना रोडने थेट पुढे निघून जातो आणि वळून येईपर्यंत कॅशची वेळ संपते. नाना १९८७ साली लागले. तेव्हा काउंटरवर पितळी टोकन होतं आणि मांडीवर मावणार नाही एवढं लेजर. टोकन गेलं, लेजर गेलं, नाना राहिले.

त्यांची जन्मतारीख १ जून १९६५. खरी तारीख त्यांच्या आईलाही आठवत नव्हती, फक्त ‘पेरणीच्या आधी’ एवढं नक्की होतं. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकली. मराठवाड्यात गुरुजींच्या कृपेने १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत, की त्या दिवशी कुणी कुणाला शुभेच्छा द्यायच्या हाच प्रश्न पडतो. त्यातून महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो. म्हणजे नानांना साठावा वाढदिवस नोकरीत बघायला मिळणार नव्हता. ३१ मे २०२५ला शनिवार होता. दुसरा असता किंवा चौथा असता तर सुट्टी मिळाली असती. निघाला पाचवा. नाना शेवटच्या दिवशीही पूर्ण दिवस कामावर.

आधी मी मुक्तछंदात लिहून पाहिलं. ते वाचल्यावर आमचे शिपाई मामा म्हणाले, “सर, हे तर सर्क्युलर वाटायलंय.” मग यमक जुळवायला बसलो, तर ‘निवृत्ती’पुढे ‘वृत्ती’, ‘प्रवृत्ती’ आणि ‘पुनरावृत्ती’ अशी रांगच लागली. हे चारही शब्द जमले की कविता संपते आणि माणूस तिच्यात कुठेच नसतो. तेव्हा ठरवलं, अभंगाचा साचा घ्यायचा. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. एका कडव्याला बावीस अक्षरं. चार कडव्यांची अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळी कॅश जुळवावी तशी कविता जुळवता येते, आणि अभंगात विठोबालाही एकेरी चालतं, मग नानांना का नाही?

दुसरा नियम मी स्वतःच घातला. ज्या गोष्टीवर नाना स्वतः हसतात तेवढ्याचीच थट्टा करायची, कारण समोरच्या खुर्चीवर वहिनी बसणार होत्या. मग पहिलं कडवं आपसूक आलं.

ओल्या स्पंजावर । बोट टेकवून ।
नोट ओळखून । हसे नाना ॥

खोटी नोट हाताला लागली की नाना खरंच हसायचे. ओरडायचे नाहीत. मोजणीचं यंत्र आल्यावरही त्यांनी ती स्पंजची वाटी सोडली नाही. यंत्र शंभर म्हणायचं, नाना नव्व्याण्णव म्हणायचे, आणि पुन्हा मोजल्यावर यंत्राचीच मान खाली जायची. दुसरं कडवं शाखेच्या इतिहासातलं.

पेनाला बांधली । नानांनी ती दोरी ।
झाली तरी चोरी । टोपणाची ॥

तिसरं नोटाबंदीचं. ८ नोव्हेंबर २०१६ची ती रात्र, आणि १० तारखेला बँका उघडल्या तेव्हाची रांग. चार हजारांपर्यंतच्या नोटा बदलून मिळायच्या. नानांचा सकाळचा चहा संध्याकाळी तसाच सापडला, वर साय धरलेला.

हजाराच्या नोटा । रांग पुलाखाली ।
चहाची ती प्याली । गार झाली ॥

घोडं अडलं चौथ्यावर. निरोप द्यायचा, तारीख घालायची. मी लिहिलं होतं:

जन्म एक जून । एकतीस मेला ।
निरोप हा दिला । सगळ्यांनी ॥

अक्षरं चोख. यमक चोख. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कॅशमधल्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती घास हातात धरून म्हणाली, “सर, कोण मेलं? एकतीस मेले की एकच?”

कागदावर दिसत नाही ते कानाला दिसतं. निरोपाच्या कवितेत, वहिनींच्या देखत, हा ‘मेला’ शाखेला महागात पडला असता. रात्री बदल केला.

जन्म एक जून । मेअखेर आली ।
वेळ ही झाली । निघायाची ॥

मोजलं तर तिसऱ्या चरणात पाचच अक्षरं. सत्त्याऐंशी. एक कमी! ‘हो’ घातलं तर तमाशा वाटे, ‘रे’ घातलं तर नानांचा अपमान. शेवटी ‘ही’ लांबवून वाचू म्हटलं. सुरात पाच-पंचवीस अक्षरं खपतात.

शनिवारी व्यवहार संपल्यावर खुर्च्या मांडल्या. नानांनी तिजोरीची आपली किल्ली मोजणी करून, रजिस्टरवर सही घेऊन नव्या हेडकॅशियरकडे दिली. दुसरी किल्ली साहेबांकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, हे नाना गेली कित्येक वर्षं प्रत्येक नव्या साहेबाला समजावून सांगत आले होते. सध्याचे साहेब पाटण्याचे. ते मराठी ऐकताना चेहरे वाचतात आणि लोक हसले की टाळी देतात.

मी वाचायला उभा राहिलो. स्पंजला हशा. टोपणाला त्याहून मोठा, कारण चोर बहुधा समोरच बसला होता. नोटाबंदीला पेन्शनर आजोबा पासबुक घेऊन आत आले. शटर अर्धं खाली होतं, ते वाकून आले. “छापून मिळेल का?” मामांनी त्यांच्या हातात समोशाची बशी दिली आणि खुर्चीवर बसवलं. चौथं कडवं मी नीट लांबवून म्हटलं. “वेळ हीऽऽ झाली.” टाळ्या झाल्या. वहिनींनी डोळे पुसले. नानांचा अंगठा मात्र बोटांच्या पेरांवरून सरकत होता. सगळ्यांना वाटलं, गहिवरलेत.

नाना उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, “शेवटच्यात एक कमी आहे.”

“माहीत आहे, नाना. रात्री जुळलंच नाही.”

“कॅश जास्त भरली तर संड्रीत टाकायची. कमी भरली तर?”

“कॅशियरनं खिशातून भरायची.”

“मग आण इकडे.”

त्यांनी काउंटरवरचं दोरीचं पेन ओढलं. दोरी पुरेना, म्हणून स्वतःच वाकले. ‘ही’ आणि ‘झाली’च्या मध्ये एक खूण केली आणि वर बारीक ‘न’ लिहिला. वेळ ही न झाली निघायाची. सहा अक्षरं. एकूण अठ्ठ्याऐंशी. यमकालाही धक्का नाही.

मी बघत राहिलो. नानांनी त्या ‘न’शेजारी सवयीने इनिशियल मारलं. “खाडाखोडीवर सही लागते,” म्हणाले, आणि पेनाचं टोपण शोधू लागले.