पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू नका

विक्रीतला माणूस कंपनी सोडून गेला की आठवड्याभरात त्याच्या गिऱ्हाइकांना एक मेल जातो. ‘यापुढे आपले खाते मी सांभाळणार आहे. आपली गरज कळवावी.’ ज्या माणसाने बैठकांना वेळ दिला, कारखाना फिरवून दाखवला, कोटेशनवर घासाघीस केली, त्याला आता गरज विचारायची? तो उत्तर देत नाही. मग कंपनीत नोंद होते, ‘पार्टी थंड पडली’. पार्टी थंड पडलेली नसते. इतके दिवस ती जे बोलली त्यातलं काहीच आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, हे आपणच तिला लेखी कळवलेलं असतं.

ऑर्डर दिलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. त्याचं मशीन आपलं, वॉरंटी आपली, सुटे भाग आपल्याकडूनच घ्यायचे. माणूस बदलला तरी तो स्वतः फोन करून विचारतो. ज्याच्याकडे फक्त कोटेशन गेलंय आणि मन जवळजवळ झालंय, त्याला कंपनीशी बांधणारा एकच धागा असतो, तो म्हणजे सोडून गेलेला माणूस. तरीही राजीनामा आला की आधी बिलं थकलेल्या पार्ट्यांची यादी हातात घेतली जाते आणि या इन्क्वायऱ्या शेवटच्या दिवशी एका एक्सेल शीटमध्ये ढकलल्या जातात. हा क्रम उलटा आहे.

समजा, भोसरीतला एक सीएनसी जॉबवर्कचा कारखाना आहे आणि त्याला एअर कॉम्प्रेसर घ्यायचाय. मालकांनी ४५ किलोवॉटचा मागितला होता. आपल्या माणसाने रविवारी, सगळी मशिनं बंद असताना, जुना कॉम्प्रेसर चालवून बघितला. हवा कुणीच वापरत नव्हतं, तरी दर दहा मिनिटांतली तीन मिनिटं तो लोडवर जात होता. म्हणजे क्षमतेतली ३० टक्के हवा पाइपांच्या जोडांतून आणि कपलिंगमधून गळत होती. तो मालकांना म्हणाला, ‘साहेब, आधी गळती काढू, मग तुमचं ३७ मध्ये भागेल.’ विश्वास बसला तो या वाक्याने. पुढे मालकांनी सांगितलं की मशीन सप्टेंबरअखेर चालू व्हायलाच हवं. कारण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्रावर आयकरात घसारा निम्माच मिळतो. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटले की या वर्षाचा अर्धा घसारा हातचा जातो.

यातलं कंपनीच्या सीआरएममध्ये काय आहे? ‘४५ किलोवॉट. पॉझिटिव्ह. फॉलोअप.’ बाकी सगळं जुन्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर आणि डोक्यात. नवा माणूस उत्साहाने ४५ चं सुधारित कोटेशन पाठवतो, डिलिव्हरी लिहितो दहा आठवडे. मालक ते उघडून बघतात आणि दुसऱ्या कंपनीला फोन लावतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

म्हणून नोटीस पीरियडचा पहिला आठवडा या इन्क्वायऱ्यांचाच असायला हवा. जाणाऱ्या माणसाला ‘हॅंडओव्हर नोट लिही’ म्हणून सोडून देऊ नका. तो दोन ओळी लिहील आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण त्याला जे रोजचं वाटतं ते नोंद करण्यासारखं वाटत नाही. त्याच्या शेजारी नव्या माणसाला बसवा आणि एकेका पार्टीबद्दल विचारू द्या. त्यांना हे आत्ताच का घ्यायचंय? निर्णय कुणाचा, पैसे सोडणारा कोण? तू तोंडी काय कबूल केलंयस? कशावरून ते एकदा चिडले होते? आपल्या उदाहरणातली गळती आणि घसारा या प्रश्नांतूनच बाहेर येतात. व्हॉट्सॲपवरचे फोटो, रीडिंग, ड्रॉइंग त्याच बैठकीत कंपनीच्या फोल्डरमध्ये यायला हवेत. खाजगी नंबर माणसाबरोबर जातो.

नंतर ओळख. ती जुन्यानेच करून द्यावी, आणि शक्यतो समोरासमोर. निर्णयाच्या तोंडावर असलेल्या पार्ट्या बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. तिथे दोघांनी मिळून जावं, उरलेल्यांना फोन. या भेटीत बोलायचं नव्याने. मी काय समजलोय ते तो सांगेल, चुकलं तर जुना दुरुस्त करेल. जुनाच बोलत राहिला आणि नवा कार्ड देऊन मान डोलावत बसला, तर ती ओळख झालीच नाही.

ओळख करून देण्याआधीच जुना निघून गेला असेल तर पहिला फोन नव्याने करू नये. पार्टीने ज्याचं नाव ऐकलंय अशा वरिष्ठाने करावा आणि खरं सांगावं. ‘ते सुट्टीवर आहेत’ हे खोटं चाकणपासून भोसरीपर्यंत दोन दिवस टिकत नाही. फोननंतर त्याच दिवशी मेल, तोही जुन्या कोटेशनच्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे आधीचा सगळा पत्रव्यवहार खाली दिसतो. मजकूर असा असावा:

‘नमस्कार साहेब, फोनवर सांगितल्याप्रमाणे आमचे आधीचे सहकारी आता कंपनीत नाहीत. आपलं काम यापुढे सोबत सीसीमध्ये असलेले सहकारी बघतील. आमच्या नोंदीप्रमाणे गळती काढून ३७ किलोवॉटचं मशीन घ्यायचं ठरलं होतं आणि ते सप्टेंबरअखेर चालू व्हायला हवं. त्याशिवाय काही तोंडी ठरलं असेल तर कळवा, गुरुवारपर्यंत लेखी उत्तर देतो. गळतीचं रीडिंग सोबत जोडलंय.’

यात ऑर्डरची मागणी नाही, ती मुद्दाम नाही. पहिल्याच मेलमध्ये ‘पीओ कधी देताय’ आलं की नव्या माणसाला टार्गेटची घाई आहे एवढंच समोरच्याला कळतं.

तोंडी ठरलेल्याची भीती मालकमंडळींना फार वाटते. विचारलं तर पार्टी काहीही सांगेल, असं त्यांना वाटतं. एखादा वाढवून सांगेलही. पण पहिल्या वर्षाची सर्व्हिस मोफत असं खरंच कबूल केलेलं असेल आणि ते बिलाच्या वेळी निघालं, तर ऑर्डरही जाते आणि नावही. झेपत असेल तर पाळा. झेपत नसेल तर कारणासह नाही म्हणा, पण गुरुवार सांगितलाय तर गुरुवारी म्हणा.

जुना माणूस प्रतिस्पर्ध्याकडे गेला असेल तर घाई आणखी खरी. करारातल्या ‘दोन वर्षं याच धंद्यात काम करणार नाही’ या कलमावर विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही. गोपनीय माहिती नेली असेल तर दाद मागता येते, पण तो निकाल येईपर्यंत कॉम्प्रेसर कुणाचा तरी बसलेला असतो. आणि पार्टीसमोर त्याच्याविषयी एक वाकडा शब्दही काढू नका. त्या माणसावर विश्वास ठेवूनच ते इथवर आले होते.

तुमच्याकडे या आठवड्यात कुणाचा राजीनामा आला असेल, तर त्याच्या इन्क्वायऱ्यांची यादी उद्या सकाळीच मागवा आणि नव्या माणसाचं नाव ठरलं नसेल तर ते आधी ठरवा.